देवयानीची बाजू लिहिलीस का गं?

‘ययाति’तल्या देवयानी आणि शर्मिष्ठा या व्यक्तिरेखांची तुलना करा. प्रश्न एवढासाच, आणि तू दोन दिवस तोंड पाडून बसलीयस असं तुझी आई सांगत होती. त्यात रोवणीचे दिवस. घरातले सगळे बांधीत, चूल तुझ्याकडे, आणि सकाळी सौंदड स्टेशनावरून गाडी गाठायची ती वेगळीच. तरी पुस्तक पूर्ण वाचलंयस ना? मग निम्मं काम झालं. उरलेलं आपण इथे बसून करू.

तुझी वही बघितली गं मी. तक्ता नेटका आहे. मी तुझ्याएवढी असताना तक्त्यात मजकुरापेक्षा स्केचपेनच्या रेघाच जास्त असायच्या, त्यामानाने तू शहाणी. पण भरलंयस काय, बघ. देवयानीच्या रकान्यात गर्विष्ठ, हट्टी, मत्सरी, सूडबुद्धीची. शर्मिष्ठेच्या रकान्यात त्यागी, सोशिक, प्रेमळ, समंजस. याला तुलना नाही म्हणत, याला निकाल म्हणतात. दिवाळीनंतर आपल्याकडे झाडीपट्टीची नाटकं लागतात, त्यात खलनायिका आली की पहिल्याच वाक्याला प्रेक्षक तिला ओळखतात. तू देवयानीला तसंच स्टेजवर आणलंयस. खांडेकरांनी तिला तसं आणलेलं नाही.

कादंबरी 1959 साली आली. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1974 साली वि. स. खांडेकर ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक ठरले. हे सगळं निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात कोंबायचा मोह तुला होणार आहे, मला ठाऊक आहे. एका वाक्यात उरक आणि पुढे हो. तुझ्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे ते वेगळंच: ही कादंबरी तिघं सांगतात. ययाति सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते. प्रत्येक जण ‘मी’ म्हणून बोलतो. लेखक वरून येऊन ‘देवयानी गर्विष्ठ होती’ असं सांगत नाही. ते सांगतं कोण, तर तिचा नवरा, नाहीतर तिची दासी झालेली मैत्रीण. आणि त्या दोघांनाही तिच्यापासून काही ना काही लपवायचं असतं.

खरं सांगू का, तुझ्या तक्त्यात नेमकं हेच नाही. म्हणून त्याला चौथा रकाना जोड: ‘कोण सांगतंय’. मी एक नमुना करून देते. वहीत हाच उतरवू नकोस, कसा भरायचा एवढं बघून घे.

| मुद्दा | देवयानी | शर्मिष्ठा | कोण सांगतंय |
|---|---|---|---|
| वडील | शुक्राचार्यांच्या रागाच्या जोरावर हवं ते मागून घेते | वृषपर्व्याचं राज्य वाचावं म्हणून स्वतःला देते | |
| विहिरीचा प्रसंग | ढकलली जाते. नंतर शर्मिष्ठेला दासी म्हणून मागते | रागात ढकलते. नंतर दासीपण पत्करते | |
| कच | प्रेम करते, नकार मिळतो, शाप देते | भावासारखा मानते, त्याच्या विचारांचा आधार घेते | |
| ययाति | लग्नाची राणी. फसवली जाते | चोरून जवळ येते, नातं लपवते | |
| मुलगा | यदू | पुरू | |

शेवटचा रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. तो पुस्तक मांडीवर घेऊन तुलाच भरायचाय. प्रत्येक चौकटीसमोर त्या प्रकरणावर ज्याचं नाव आहे ते लिही, आणि कंसात तुझ्या प्रतीतला पानाचा आकडा. मैत्रिणीच्या प्रतीतला आकडा उचलू नकोस, आवृत्ती बदलली की पानं सरकतात. एकच प्रसंग दोघांच्या तोंडून आलेला सापडला तर दोन्ही नावं लिही आणि शेजारी फुली मार. निबंधात त्याच जागा सोन्याच्या.

आता माझ्या चौकटी पुन्हा वाच. मागते, देते, ढकलते, पत्करते, लपवते. विशेषण एकही नाही, सगळी क्रियापदं. असं का, ते बघ. ‘गर्विष्ठ’ लिहिलंस की पुढे लिहायला काही उरत नाही. परीक्षक विचारणार, कशावरून? आणि तू पुन्हा म्हणणार, कारण ती गर्विष्ठ होती. क्रियापद लिहिलंस की कारण शोधावंच लागतं.

एक उदाहरण देते. लग्नाच्या पहिल्या रात्री ययातीच्या तोंडाला मद्याचा वास येतो आणि देवयानी चिडते, दुरावते. तू हे ‘अहंकार’ या नावाखाली टाकलंयस. पण मद्य म्हणजे तिच्यासाठी काय, ते आठव ना. राक्षसांनी कचाला मारून त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांना पाजली होती. ज्याच्यावर तिने जीव लावला तो असा एका पेल्यातून बापाच्या पोटात गेला होता. संजीवनीने तो परत आला, पण तिचा झाला नाही. त्या मुलीला नवऱ्याच्या तोंडाचा तो वास सहन झाला नाही, तर तो अहंकारच असेल का? थोडा असेलही. राजाला बायकोने पहिल्याच रात्री फटकारणं यात तोरा आहेच. पण त्याच्या तळाशी एक जुनी जखम आहे, आणि निबंधात दोन्ही आलं पाहिजे.

आता शर्मिष्ठेकडे ये. तिच्या बाबतीत आपण सगळ्याच जरा मऊ होतो. राजकन्या असून दासी झाली, मुलाला घेऊन रानोमाळ लपत फिरली, कुणाचं मन हलणार नाही? पण तुझ्या तक्त्यात विहीर कुठेय गं? वस्त्रांची अदलाबदल झाली, शब्दाने शब्द वाढला, आणि शर्मिष्ठेने मैत्रिणीला विहिरीत ढकललं. देवयानीला ययातीने हात देऊन वर काढलं, म्हणून ती वाचली. तू हे सगळं ‘गैरसमज’ या एका शब्दात गुंडाळलंयस. देवयानीने असं केलं असतं तर तू काय लिहिलं असतंस, ते मनाशीच म्हणून बघ.

दुसरी जागा अशोकवनाची. शर्मिष्ठा आणि ययाति यांचं प्रेम तिथे फुलतं, पुरूचा जन्म होतो, आणि हे सगळं देवयानीपासून लपवून. प्रेम खोटं नाही, खांडेकरांनी ते फार हळुवारपणे लिहिलंय. पण ज्या घरात ती राहते त्या घरच्या बाईला ती फसवते, हेही तितकंच खरं. पुढे देवयानीला कळतं तेव्हा ती क्रूर होते, शर्मिष्ठेला कोंडते, आई आणि लेकरू दोघांच्या जिवावर बेततं. त्या क्रौर्याला माफी नाही, आणि मीही मागत नाही. फक्त क्रौर्य लिहिताना त्याच्या आधीची फसवणूक गाळू नकोस.

समतोल म्हणजे दोघींना सारखेच गुण आणि सारखेच दोष वाटून द्यायचे, असं मात्र समजू नकोस. प्रसाद वाटायला बसलेलो नाही आपण. दोघींना एकच प्रश्न तितक्याच कडकपणे विचारायचा, एवढाच त्याचा अर्थ. उत्तरात एकीचं पारडं खाली गेलं तर जाऊ दे. शेवटी शर्मिष्ठा मोठी ठरते असं तुला वाटत असेल तर तसं बेलाशक लिही. पण देवयानीचं म्हणणं ऐकून घेतल्यावर लिही.

आणखी एक घोळ तुझ्या वहीत दिसला. शर्मिष्ठेच्या रकान्यात ‘तीन मुलगे’ लिहिलंयस. अगं, ते महाभारतातलं! आदिपर्वात देवयानीला यदू आणि तुर्वसू, शर्मिष्ठेला द्रुह्यू, अनू आणि पूरू. खांडेकरांनी कथा एकेका मुलावर आणलीय, यदू आणि पुरू. आदिपर्वात शर्मिष्ठा स्वतः होऊन राजाकडे मुलाची मागणी करते, तिचा हक्क मांडते. कादंबरीत तिथे दोघांचं प्रेम आहे. आणि कच तर महाभारतात शाप-प्रतिशापानंतर निघून जातो. त्याला कथेत परत आणून थेट शेवटपर्यंत सोबत ठेवलाय तो खांडेकरांनी. गिरीश कर्नाडांच्या ‘ययाति’ नाटकातली चित्रलेखा, पुरूची बायको, तीही इथे आणू नकोस. ते नाटक वेगळं, 1961 साली छापलेलं. आजीने सांगितलेली गोष्ट, टीव्हीवर पाहिलेलं महाभारत आणि पुस्तक यांची डोक्यात खिचडी होते, सगळ्यांचीच होते. म्हणून चौकट भरताना स्वतःला विचार, हे मी या पुस्तकात कुठल्या पानावर वाचलं? पान सापडलं नाही तर चौकट खोड.

उलट हे बदल नीट वापरलेस तर तुझ्या निबंधाला वजन येईल. कचालाच घे. खांडेकरांनी त्याला परत आणला आणि दोघींच्या मधे उभा केला. देवयानीसाठी तो न मिळालेलं सुख, शर्मिष्ठेसाठी तो भाऊ आणि गुरू. एकाच माणसामुळे एक कडवट होते आणि दुसरीला बळ मिळतं. तक्त्यातली ही ओळ मला सगळ्यांत समृद्ध वाटते. मात्र इथेही जरा थांब. ज्याने आपल्याला नाकारलं त्याच्याकडून उपदेश ऐकणं अवघड, आणि ज्याच्याकडून काही मागितलंच नव्हतं त्याचा उपदेश ऐकणं सोपं. हे लिहिलंस की देवयानीवर अन्यायही होत नाही आणि शर्मिष्ठेचं काही हिरावलंही जात नाही.

आता तक्त्याचा निबंध कसा करायचा? तू घाबरलीयस ती इथेच. बहुतेक मुली पहिल्या दोन पानांत देवयानी संपवतात, पुढच्या दोन पानांत शर्मिष्ठा, आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोघींत साम्य व फरक आढळतो’ म्हणून मोकळ्या होतात. दोन व्यक्तिचित्रं होतात, तुलना होतच नाही. लिहिता लिहिता हातही दमतो, मग दुसरीला कमी जागा मिळते. तू तक्ता उभा नको वाचूस, आडवा वाच. एक आडवी ओळ, एक परिच्छेद. त्यात दोघी आल्याच पाहिजेत.

पाचही ओळी वापरायची गरज नाही. तीन घे, बाकीच्या सोड. कुठल्या तीन ठेवायच्या? जिथे दोघींची सुरुवात सारखी आहे आणि वाट पुढे वेगळी होते, त्या. मुलांची ओळ मी सोडली असती, तिथे बोलायला गेलं की निबंध यदू-पुरूवर सरकतो आणि तुझा हात पुरूच्या त्यागातून बाहेरच निघत नाही. वडील, कच आणि ययाति या तीन ठेव. विहीर वडिलांच्या ओळीतच बसते.

वडिलांची ओळ परिच्छेद होऊन कशी येईल ते लिहून दाखवते:

‘देवयानी आणि शर्मिष्ठा दोघीही सामर्थ्यवान बापांच्या लाडक्या लेकी आहेत. विहिरीच्या प्रसंगानंतर मात्र हे लाड दोघींना वेगळ्या वाटांनी नेतात. अपमानित देवयानी वडिलांच्या रागाचं शस्त्र हाती घेते; शुक्राचार्य निघून गेले तर असुरांचं राज्य टिकणार नाही, हे तिला माहीत आहे, आणि त्या बळावर ती राजकन्येला दासी म्हणून मागते. शर्मिष्ठेची चूक गंभीर आहे, पण तिची भरपाई ती स्वतः करते. वडिलांचं राज्य वाचवण्यासाठी आपलं राजकन्यापण सोडते. एकीला बापाची सत्ता वापरता येते, दुसरीला बापाच्या सत्तेची किंमत मोजावी लागते. लेकीला थांबवणं शुक्राचार्यांना जमलं नाही, आणि तिला वाचवणं वृषपर्व्याला.’

बघ, यात ‘गर्विष्ठ’ नाही आणि ‘त्यागी’ही नाही, पण वाचणाऱ्याला दोन्ही कळतं. पहिल्या वाक्यात सारखेपणा आहे, मग वाट फुटते, दोघींची चूक येते, आणि शेवटी दोन्ही बापही सुटत नाहीत. शेवटचं वाक्य लिहिताना मलाही नवीन काही सापडलं, आधी ते डोक्यात नव्हतं. दोन चौकटी शेजारी ठेवल्याने ते दिसलं. तुझ्या तीनपैकी निदान एका परिच्छेदात तरी असं काही सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर ती ओळ बदल.

भाषेचं एक. ‘याउलट’ हा शब्द तू एका पानात सहा वेळा वापरलायस. दोनदा पुरे. बाकी ठिकाणी ‘मात्र’, ‘तर’, ‘तितकंच’, किंवा नुसतं वाक्य दुसरीच्या नावाने सुरू कर. आणि प्रत्येक वेळी देवयानीपासूनच सुरुवात करू नकोस. कचाच्या परिच्छेदात आधी शर्मिष्ठा घे. जी शेवटी येते तिचं म्हणणं वाचणाऱ्याच्या मनात राहतं, हे लक्षात घेऊन जागा वाट.

तिसरा परिच्छेद ययातीचा. इथे चौथा रकाना बाहेर काढायचा. आतापर्यंत आपण दोघींनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत आलो. हा राजा कुठेय? बायकोला फसवतो, प्रेयसीला संकटात ढकलतो, तिला रातोरात नगराबाहेर पाठवण्यापलीकडे तिच्यासाठी उघडपणे उभा राहत नाही, आणि पुन्हा भोगातच बुडतो. शेवटी म्हातारपणाचा शाप मिळतो तर मुलाचं तारुण्य मागून घेतो. देवयानी कोरडी, शर्मिष्ठा प्रेमळ, हे चित्र आपल्याला बरंचसं याच माणसाच्या तोंडून मिळतं. त्याला स्वतःच्या वागण्याला कारण हवंय, आणि बायकोचा कोरडेपणा हे सगळ्यांत सोयीचं कारण. तो खोटंच बोलतो असं मी म्हणत नाही. आपल्या विकारांची कबुलीही तो देतो, तेवढं त्याच्या पदरात घाल. पण त्याने देवयानीबद्दल सांगितलेलं जे काही तू वापरशील, तिथे ‘ययातीच्या दृष्टीने’ हे दोन शब्द जोड. मग देवयानीच्या स्वतःच्या प्रकरणात त्याच काळाबद्दल ती काय म्हणते ते शोध. जुळलं तर तसं लिही, नाही जुळलं तर तेच तुझ्या निबंधाचं सर्वांत चांगलं वाक्य होईल.

शर्मिष्ठेलाही हाच नियम लाव हं. ती स्वतःबद्दल बोलते तेव्हा तीही ‘मी’च आहे. स्वतःची बाजू मांडताना कोण स्वतःला वाईट म्हणतं?

सुरुवात आणि शेवट सगळ्यांत शेवटी लिही. तीन परिच्छेद झाले की तुला काय म्हणायचंय ते तुझं तुलाच कळेल, मग ते सुरुवातीच्या दोन वाक्यांत ठेव. उदाहरणार्थ, दोघींनाही एकाच माणसाने आणि दोन बापांनी अडचणीत आणलं, पण एक त्या अपमानाचा सूड घेत राहिली आणि दुसरीने तो पचवून वेगळं आयुष्य उभं केलं. हे माझं मत झालं. तुझं वेगळं निघालं तरी चालेल, फक्त त्याला तीन परिच्छेदांचा आधार हवा. ‘सदर कादंबरीत लेखकाने’ अशी सुरुवात मात्र नको, ते वाचून परीक्षकाचा चहा गार होतो.

लिहून झालं की दोन रंगांच्या पेन्सिली घे. देवयानीबद्दलच्या वाक्याखाली एक रंग, शर्मिष्ठेबद्दलच्या वाक्याखाली दुसरा. वाक्यं मोजत बसू नकोस, लांबून पान बघ. एखादा परिच्छेद एकाच रंगाचा दिसला तर तिथे तुलना सुटलीय. मग फक्त देवयानीची वाक्यं ओळीने वाच आणि ती तिथे असती तर ‘हो, हे मी केलं’ असं म्हणाली असती का, ते बघ. ‘पण का केलं ते लिहिलंच नाहीस’ असं म्हणाली असती, तर अजून एक वाक्य बाकी आहे.

एवढं सगळं एका रात्रीत करू नकोस. आज फक्त चौथा रकाना भर, भात शिजेपर्यंत दोन ओळी सहज होतील. उद्या गाडीत वडिलांचा परिच्छेद मनात जुळव आणि परत आल्यावर उतरव, माझा नाही, तुझा. परवा संध्याकाळी वही घेऊन ये. मी आधी ‘कोण सांगतंय’ हाच रकाना बघणार आहे, तो रिकामा दिसला तर निबंध वाचणार नाही, सांगून ठेवते.